एकसारख्या जुळ्यांचे जुने फोटो कसे ओळखायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला मी लोकांचे जुने अल्बम स्कॅन करून, नावं-सालं घालून लावून देते. जुळ्यांचं घर असलं की अडकायला होतंच. अल्बम उघडला की घरातलेच लोक म्हणतात, "हा थोरला असावा, नाही नाही, धाकटा." गेल्या काही वर्षांत फोनवर आणि समोरासमोर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. भर छापील फोटोंवर आहे, कारण खरी अडचण तिथेच येते. थोरला-धाकटा हे शब्द काही मिनिटांच्या अंतराने आधी आणि नंतर जन्मलेला अशा अर्थाने वापरले आहेत.

१. दोघं हुबेहूब सारखे असतील तर फरक येणार कुठून?

एकसारखी जुळी एकाच फलित बीजापासून होतात, म्हणून चेहऱ्याचा मूळ आराखडा दोघांचा एकच असतो. पण तो आराखडा प्रत्यक्षात उतरताना दोघांची परिस्थिती एक नसते. पोटात एकाला जागा कमी मिळते, एकाचा कान किंवा डोकं जास्त काळ दाबलेलं राहतं, वारेतून मिळणारं रक्त दोघांना सारखं मिळत नाही. जन्मानंतर पडणं, लागणं, कांजिण्यांचे वण, दातांची पडझड हे ज्याचं त्याचं वेगळं. तीळ कुठे उठेल हेही बीजात नेमकं लिहिलेलं नसतं.

त्यामुळे नाक, डोळे, हनुवटी अशा मोठ्या गोष्टींवर वेळ घालवू नका. त्या जुळणारच. फरक सापडतो तो कडांवर: कानाच्या दुमडीत, कपाळावरच्या केसांच्या सुरुवातीला, तिळात आणि हसताना ओठ कुठल्या बाजूने आधी उचलला जातो त्यात.

२. आमच्याकडे दोनशे फोटो आहेत. सुरुवात कुठून करू?

ओळखायच्या फोटोपासून सुरुवात करू नका. आधी ज्या फोटोंबद्दल शंकाच नाही ते बाजूला काढा. ऑफिसचं ओळखपत्र, जुना पासपोर्ट, लग्नात बोहल्यावरचा फोटो, एकटाच परगावी गेलेला असतानाचा फोटो. नाव छापलेलं आहे किंवा प्रसंगच असा आहे की दुसरा तिथे असणं शक्य नाही, असे फोटो. यांना मी खात्रीचे फोटो म्हणते. प्रत्येकाचे निदान तीन हवेत, आणि ते वेगवेगळ्या वयांतले हवेत, कारण वीस वर्षांचा चेहरा सात वर्षांच्या चेहऱ्याशी नुसत्या नजरेने जुळवणं कठीण.

हे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो असेल तर १२०० ला. त्यापुढे आकडा वाढवून कागदाचा पोतच मोठा दिसतो, चेहऱ्यात नवीन काही सापडत नाही. मग एका कागदाचे दोन भाग करून डावीकडे थोरल्याची आणि उजवीकडे धाकट्याची टिपणं लिहा: डावा कान, उजवा कान, कपाळ, तीळ, हसणं. "कान मोठा" असं मोघम लिहू नका. "डाव्या कानाच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूला छोटा उंचवटा" असं लिहा. हे टिपण हाती आलं की मगच शंकेचे फोटो काढायचे. उलट्या क्रमाने गेलात तर मनात आधीच ठरवलेलं नाव फोटोत दिसायला लागतं.

३. सगळे म्हणतात आधी तीळ बघा. तुम्ही कान का म्हणता?

कारण कान हसत नाही, कान जाड-बारीक होत नाही, आणि स्टुडिओवाला कानावर सहसा हात फिरवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पोलिसांत आल्फाँस बर्तियाँ माणसं ओळखण्याची पद्धत बसवत होते, तेव्हा कानाच्या वर्णनाला त्यांनी फार महत्त्व दिलं होतं. कैद्याचा समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढण्याची रीत त्यांनीच पक्की केली, आणि बाजूच्या फोटोत कान पूर्ण दिसतो.

जुळ्यांच्या कानांचा एकूण घाट सारखाच असतो. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे दोघांचं बहुतेक वेळा एकच निघतं, तेव्हा त्यावर थांबू नका. बारकाईने चार जागा बघा. पहिली, वरची कड आत किती दुमडली आहे आणि ती दुमड मागे कुठे संपते. दुसरी, त्या कडेवर मागच्या बाजूला एखादा बारीक उंचवटा आहे का. बोटाने चाचपला तर लागतो, आणि फोटोत कडेची रेषा तिथे किंचित जाड दिसते. तिसरी, आतली कमान वर जाताना दोन फाट्यांत विभागते, त्यातला वरचा फाटा उठावदार आहे की सपाट. चौथी, कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा आणि त्याच्या समोरचा दुसरा, या दोघांमधली खाच अरुंद आहे की रुंद.

तुलना नेहमी डाव्याची डाव्याशी आणि उजव्याची उजव्याशी. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा एकमेकांसारखे नसतात, त्यामुळे एका भावाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा कान शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फुकट जातो.

दोन गोष्टी फसवतात. मान वर केली की कान डोळ्यांच्या रेषेच्या खाली गेल्यासारखे दिसतात, मान खाली घातली की वर चढल्यासारखे. म्हणून "याचे कान खाली आहेत" हे टिपण कामाचं नाही. दुसरं म्हणजे उजेड. चाळीच्या गॅलरीत काढलेल्या फोटोत उजेड एकाच बाजूने येतो. दुमडीची सावली त्यामुळे खोल पडते आणि सपाट कमानही उठावदार वाटते. शक्यतो सारख्या उजेडातले फोटो समोरासमोर ठेवा.

४. दोघांचेही कान टोचलेले आहेत. त्याचा काही उपयोग?

खूप. आपल्याकडे मुलांचेही कान टोचतात, आणि ते सोनाराच्या हाताने, रडणाऱ्या बाळाला धरून. पाळीवर भोक नेमकं कुठे पडेल ते त्या क्षणावर असतं. एकाचं मधोमध, दुसऱ्याचं कडेला. पुढे भोक बुजलं तरी खळी राहते आणि मोठ्या स्कॅनमध्ये ती बारीक काळ्या ठिपक्यासारखी दिसते. जड कुड्या किंवा झुब्यांमुळे बायकांची भोकं मोठेपणी खाली ओघळतात, तेव्हा जुळ्या बहिणींच्या बाबतीत लहानपणच्या फोटोची तुलना लहानपणच्याच फोटोशी करा.

या खुणेचं आणखी एक मोल आहे. भोक मधोमध की कडेला, हे फोटो उलटा छापला तरी बदलत नाही. हे का महत्त्वाचं, ते प्रश्न ७ आणि ११ मध्ये कळेल.

५. भांग तर आई पाडेल तसा. मग केसांवरून कसं ओळखणार?

भांगावर भरवसा नकोच. कपाळावर केस जिथून सुरू होतात ती रेषा बघा. जुन्या फोटोंत मुलांचे केस तेल लावून चप्प बसवलेले असतात, त्यामुळे ही रेषा आजच्या फोटोंपेक्षा स्वच्छ दिसते. कपाळाच्या मध्यावर केसांचं टोक खाली उतरतं का, आणि उतरत असेल तर ते अगदी मध्यावर आहे की एका भुवईकडे झुकलेलं? कानशिलावर केस गोलाईने वळतात की कोन करतात? कपाळाच्या वर एखादी बट तेलालाही न जुमानता उभी राहते का, आणि कुठल्या बाजूला? मुलींच्या दोन वेण्या घट्ट घातलेल्या असतील तर रेषा आणखी स्पष्ट मिळते.

डोक्यावरचा भोवरा हा दुसरा आधार. तो कुठल्या दिशेने फिरतो आणि मध्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे आयुष्यभर तसंच राहतं. फोटोत तो क्वचित दिसतो, पण घरात त्याची आठवण मात्र असते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणायची पद्धत असल्याने आज्या-मावश्यांनी दोन भोवरेवाला कोण हे बरोबर लक्षात ठेवलेलं असतं. जरूर विचारा.

मुंजीचे फोटो या कामात सोन्यासारखे. घेरा ठेवून बाकी डोकं भादरलेलं, कान पूर्ण उघडे, कवटीचा आकार स्पष्ट. जुळ्यांची मुंज एकाच मांडवात होते, तेव्हा एकाच दिवशी, एकाच उजेडात दोघं शेजारी बसलेले मिळतात. फक्त त्यांतला कोण कोण हे आधी इतर खात्रीच्या फोटोंवरून ठरवून घ्या.

मोठेपणी केस मागे सरकायला लागले की रेषेची तुलना बंद करा. सरकण्याचा वेग दोघांचा वेगळा असू शकतो, आणि चाळिशीतल्या थोरल्याची रेषा पन्नाशीतल्या धाकट्यासारखी दिसू शकते.

६. थोरल्याच्या गालावर तीळ आहे. लहानपणच्या फोटोत ज्याच्या गालावर काळा ठिपका दिसतो तो थोरला, बरोबर ना?

थांबा. याच ठिपक्याने सगळ्यात जास्त घोळ घातलेला मी पाहिला आहे. लहान मुलाच्या गालावरचा, कपाळावरचा किंवा कानामागचा काळा ठिपका आपल्याकडे बहुतेक वेळा काजळाची तीट असते. फोटो काढायला नेताना तर हमखास लावलेली. जुळं म्हणजे नजर लागायची भीती दुप्पट, म्हणून दोघांनाही लावलेली, आणि एकाची पुसली गेलेली. तीट साधारण तिळापेक्षा मोठी असते, तिची कड पसरट किंवा बोटाने ओढल्यासारखी असते, आणि त्याच दिवसाच्या दुसऱ्या फोटोत ती थोडी सरकलेली किंवा फिकट झालेली दिसते. तीळ सरकत नाही.

शिवाय गालावरचे तीळ बहुतेक जन्मतः नसतात. बालपणात आणि तरुणपणी हळूहळू उठतात, उतारवयात काही फिकेही पडतात. म्हणजे विशीत असलेला तीळ तिसऱ्या वर्षीच्या फोटोत नसणं अगदी शक्य आहे. जन्मखूण वेगळी. ती पहिल्यापासून असते, म्हणून जास्त भरवशाची.

दुसरा घोळ पावसाळ्याचा. मुंबईच्या दमट हवेत कपाटातल्या प्रिंटवर बुरशीचे ठिपके पडतात आणि एखादा नेमका गालावर बसतो. प्रिंट खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरा. बुरशीचा ठिपका पृष्ठभागावर खरखरीत किंवा मंद दिसतो आणि तसेच ठिपके मागच्या पडद्यावर, कपड्यांवरही सापडतात. त्याच फोटोची दुसरी प्रत नातेवाइकांकडे असेल तर व्हॉट्सॲपवर मागवा. ठिपका तिथेही त्याच जागी असेल तरच तो चेहऱ्यावरचा.

तिसरा घोळ उलट दिशेचा आहे. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने रिटचिंग करत. मुरमं, वण, सुरकुत्या आणि कित्येकदा तीळही त्यात पुसले जात. लग्न ठरवायला पाठवायच्या फोटोत तर हमखास. म्हणून स्टुडिओच्या फोटोत तीळ दिसला तर तो धरायचा. दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरवायचं नाही. चाळीत किंवा चौपाटीवर घरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला हा नियम लागत नाही, तिथे कुणी पेन्सिल फिरवलेली नसते.

७. फोटो उलटा छापलेला असू शकतो का? कसं कळणार?

असू शकतो, आणि मला वाटतं तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त वेळा असतो. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये उलट्या बाजूने बसली की डावं-उजवं बदलतं. जुन्या फोटोवरून कॉपी करून मोठा करून घेतलेल्या फोटोत ही चूक जास्त सापडते, कारण करणाऱ्याने माणूस पाहिलेला नसतो.

डाव्या-उजव्यावर अवलंबून असलेली कुठलीही खूण धरण्याआधी फोटो सुलटा आहे याची खात्री करा. मागे दुकानाची पाटी किंवा बसचा नंबर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कपडे आणि दागिने सांगतात. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. साडीचा पदर आपल्या पद्धतीत डाव्या खांद्यावर. गुजराती पद्धतीने नेसलेली असेल तर पदर उजवीकडे पुढे येतो, तेव्हा आधी नेसण कुठली ते बघा. नथ डाव्या नाकपुडीत. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. श्राद्धविधीचा फोटो असेल तर मात्र ते उजव्या खांद्यावर असू शकतं. मनगटी घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात असतं, पण हा आधार कच्चा. काही लोक उजव्या हातातही बांधतात.

८. आमची जुळी "आरशातली" आहेत. एकाचा डावखुरेपणा, दुसऱ्याचा भोवरा उलटा. मग सोपं झालं ना?

सुलट फोटोत हो, फार सोपं. काही एकसारख्या जुळ्यांत खुणा एकमेकांच्या प्रतिबिंबासारख्या असतात: एकाचा भोवरा एका दिशेने तर दुसऱ्याचा उलट, एकाची बट डावीकडे उभी तर दुसऱ्याची उजवीकडे, एक उजखोरा तर एक डावखुरा. पण विचार करा, असा एकाचा फोटो उलटा छापला तर तो हुबेहूब दुसऱ्याचा होतो. अशा घरात प्रश्न ७ मधली तपासणी पहिल्यांदा करायची, आणि जोडीला डाव्या-उजव्यावर अवलंबून नसलेली एक तरी खूण शोधून ठेवायची. टोचलेल्या भोकाची जागा, पुढच्या दाताचा तुकडा उडालेला असणं, दुमड जास्त की कमी, अशा खुणा.

९. आई हसण्यावरून झटकन ओळखते. आम्हाला का जमत नाही?

आईने हजारो वेळा हलता चेहरा पाहिला आहे. फोटोत त्यातला एकच क्षण असतो, आणि तो स्टुडिओत "हलू नका" म्हटल्यावरचा. तरीही काही सवयी सुटत नाहीत. एकाचा हसताना वरचा ओठ एका बाजूने आधी उचलला जातो आणि तिथली हिरडी दिसते. एक जण हसताना डोळे जवळजवळ मिटतो. एक कॅमेऱ्यासमोर हनुवटी आत ओढतो, दुसरा मान किंचित कलती ठेवतो. या सवयी एका फोटोत बघायच्या नाहीत. खात्रीच्या चार-पाच फोटोंत तीच सवय परत परत दिसली तरच टिपणात घ्या.

हावभाव मी शेवटी धरते आणि त्यांच्यावर एकट्याने कधी निर्णय देत नाही, कारण जुळी एकमेकांची नक्कल करतात. लहानपणी तर मुद्दाम. साताठ वर्षांच्या वयात मात्र हसण्याचा एक वेगळा फायदा होतो. दुधाचे दात दोघांचे एकाच दिवशी पडत नाहीत. समोरचा दात कुणाचा आधी पडला हे घरात कुणाला आठवत असेल, तर त्या काही महिन्यांतले सगळे फोटो एका झटक्यात सुटतात.

१०. मग थेट त्यांनाच का नाही विचारायचं?

विचारा, पण "यात तू कोण?" असं विचारू नका. लहानपणच्या फोटोत स्वतःला ओळखणं जुळ्यांनाही अनेकदा जमत नाही. ते शर्टावरून अंदाज करतात, आणि शर्ट तर दोघं वाटून घालत. प्रसंगाबद्दल विचारा. "म्हातारीच्या बुटाजवळ गेलात तेव्हा कोणाच्या गुडघ्याला पट्टी होती?" अशा प्रश्नाला उत्तर खरं येतं, कारण ते आठवणीतून येतं. फोटो दाखवण्याआधी विचारलं तर अधिक चांगलं.

११. एखादं खरं उदाहरण सांगाल का, पायरीपायरीने?

सांगते. यात माझीच चूक झाली होती, म्हणून ते मला नीट लक्षात आहे.

गिरगावातल्या एका घरातून एक ताई आल्या. वडील वारले होते, वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. वडील जुळ्यांतले थोरले. घरात स्टुडिओत काढलेला एक सुंदर फोटो होता, विशीतला, पांढरा शर्ट, चेहरा किंचित वळलेला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. धाकटे काका हयात होते, त्यांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, मला नाही सांगता येत."

खात्रीचे फोटो काढले. थोरल्यांचा पासपोर्ट आणि लग्नातले दोन फोटो, धाकट्यांची ऑफिसची दोन ओळखपत्रं आणि लग्नातला एक. टिपण असं झालं: थोरल्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर उंचवटा, डावी कड गुळगुळीत. धाकट्यांचं बरोबर उलट, उंचवटा डावीकडे. थोरल्यांची कपाळावरची उभी बट उजवीकडे, धाकट्यांची डावीकडे. म्हणजे आरशातली जुळी. धाकट्यांच्या डाव्या जबड्याखाली तीळ. कानाची भोकं थोरल्यांची पाळीच्या मधोमध, धाकट्यांची खालच्या कडेला.

आता शंकेचा फोटो. चेहरा असा वळलेला की डावा कान पूर्ण दिसत होता. कडेवर उंचवटा स्पष्ट. बटही डावीकडे. तीळ नव्हता, पण स्टुडिओचा फोटो म्हणून तो मुद्दा सोडून दिला. दोन खुणा जुळल्या, मी ताईंना फोनवर सांगितलं की हे काका आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "बरं" म्हणाल्या.

रात्री टिपण पूर्ण करायला बसले तेव्हा पाळी बघायची राहिलेली होती. १२०० डीपीआयचा स्कॅन मोठा केला. खळी पाळीच्या अगदी मधोमध. हे धाकट्यांशी जुळत नव्हतं. दोन खुणा एक सांगतात आणि तिसरी दुसरं, असं झालं की बहुमत मोजायचं नसतं, विरोध का आला ते शोधायचं असतं. मी चेहरा सोडून बाकीचा फोटो पाहिला. शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता, त्यात पेन अडकवलेलं. भांगही उजवीकडे, आणि खात्रीच्या सहाही फोटोंत दोघांचा भांग डावीकडे. फोटो उलटा छापलेला होता.

स्कॅन आडवा उलटवला. दिसत होता तो कान आता उजवा झाला, उंचवटा उजव्या कानावर, बट उजवीकडे, खळी होती तिथेच मधोमध. तिन्ही खुणा थोरल्यांच्या. सकाळी ताईंना फोन केला. खिशाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा पेन कायम डाव्या खिशात ठेवायचे, आणि मला तो फोटो नेहमी परका वाटायचा." भिंतीवर लावताना सुलटा करून लावला.

चूक कुठे झाली तर दोन्ही खुणा डाव्या-उजव्यावर अवलंबून होत्या. त्या दोन वाटल्या, पण फोटो उलटा आहे की सुलटा या एकाच गोष्टीवर दोन्ही टेकलेल्या होत्या.

१२. तान्हेपणचे फोटो ओळखता येतात का?

क्वचित. पहिल्या काही महिन्यांत चेहरा सुजरा असतो, कान दबलेले असतात, जावळ अजून काढलेलं नसतं. जन्मखूण असेल आणि ती उघडी दिसत असेल तर येतं. जन्माच्या वेळी एकाचं वजन बरंच कमी असेल तर पहिल्या वर्षात तो चेहऱ्याने निमुळता दिसतो, पण हा फरक पुढे पुसला जातो. ओळखण्यासाठी एकाच्या पायात किंवा मनगटात काळा दोरा बांधायची पद्धत अनेक घरांत होती, तेव्हा हातपाय नीट बघा. यातलं काही नसेल तर तो फोटो दोघांच्या नावाने ठेवा.

१३. मोबाइलमधल्या फोटोंचं काय? फोन दोघींना एकाच नावाखाली टाकतो.

चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर एकसारख्या जुळ्यांपुढे अडखळतात, तेव्हा फोनच्या गटावर विसंबू नका. हाताने वेगळं करावं लागतं. इथेही घोळ तेच, फक्त नावं नवी. रिटचिंगच्या जागी ब्यूटी फिल्टर आला, तो तीळ पुसतो. उलट्या निगेटिव्हच्या जागी सेल्फी आली. काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात, काही सुलटी. आयफोनवर हे Settings मध्ये Camera खाली `Mirror Front Camera` या बटणावर ठरतं. आणि हात लांब करून जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, कान गालामागे दडतात, म्हणून कानांसाठी दुसऱ्याने चार-पाच फुटांवरून काढलेला फोटो निवडा.

१४. असं ओळखलेलं सरकारी कामात चालेल का?

नाही, हे घरच्या अल्बमपुरतं आहे. वारसा, विमा, पासपोर्ट अशा ठिकाणी कागदपत्रं लागतात. एकसारख्या जुळ्यांच्याही बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं वेगळी असतात. आधार नोंदणीत दहाही बोटं आणि दोन्ही बुबुळं घेतली जातात, ती उगाच नाही.

१५. सगळं करूनही खात्री नाही. फोटोमागे काय लिहू?

जे दिसलं ते लिहा. मी तीन शब्द वापरते: "नक्की", "बहुधा" आणि "दोघांपैकी एक". एकमेकांवर अवलंबून नसलेल्या निदान दोन खुणा जुळल्या आणि एकही खूण विरोधात गेली नाही, तरच "नक्की". एकच खूण असेल तर "बहुधा", आणि सोबत कारण: "बहुधा धाकटा, उजव्या पाळीचं भोक कडेला." कारण लिहिलेलं असलं की उद्या आणखी एखादा खात्रीचा फोटो सापडल्यावर कुणालाही ते परत तपासता येतं.

मऊ शिशाच्या पेन्सिलने, फोटोच्या कडेपाशी, पाठीमागून हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि तो बरोबर चेहऱ्यावर उमटलेले फोटो माझ्याकडे आलेले आहेत. चकचकीत प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी.